आर्णी ते यवतमाळ, व्हाया तीन दारं

आर्णीच्या बसस्टँडवर यवतमाळची एसटी लागलेली होती. ड्रायव्हर चहाला गेलेला. मी मधल्या सीटवर खिडकीशी बसून होतो. कंडक्टर आला आणि म्हणाला, "यवतमाळ का भाऊ?"

"नाही, असाच बसलो."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उतरवलं मात्र नाही. बस निघायच्या आधी मीच उतरलो. एकूण वीस मिनिटं. सत्तावीस वर्षांचा, बी.ई. झालेला, बऱ्यापैकी पगाराचा माणूस उभ्या एसटीत बसून आला, आणि त्या दिवशी मला दहावीच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला.

त्या बसपर्यंत पोहोचायला मला आठ महिने लागले होते. त्यातले चार मी चुकीच्या दारात उभा राहून घालवले. दार वाईट नव्हतं, फक्त त्या वेळी माझ्या कामाचं नव्हतं. तुम्हाला किंवा तुमच्या मित्राला असंच काही होत असेल आणि 'नेमकं जायचं कोणाकडे' इथंच गाडी अडली असेल, तर त्या चार महिन्यांचा काही उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय.

सुरुवात एका रात्री झाली. मी घरून काम करायचो. दीडच्या सुमारास लॅपटॉप बंद करून आडवा झालो आणि छातीत धडधड सुरू झाली. हात मुंग्या आल्यासारखे, ओठ बधिर, श्वास पुरेना. वाटलं, गेलो. आई उठली. "काय झालं रे तुले?" मला बोलता येईना. बाबांनी गाडीवर बसवून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी नॉर्मल. ॲसिडिटी असेल म्हणाले. एक गोळी दिली, अर्ध्या तासात सगळं शांत.

दहा दिवसांनी तेच यवतमाळच्या बसमध्ये झालं. मी मधेच उतरलो आणि रस्त्याच्या कडेला एका पानटपरीवर पाऊण तास बसून राहिलो. मग तिसऱ्यांदा. पुन्हा ईसीजी, पुन्हा नॉर्मल. पुन्हा तीच गोळी, आता पूर्ण स्ट्रिप. नाव नंतर वाचलं, अल्प्राझोलाम. ती स्ट्रिप माझ्या खिशात ताईत होऊन बसली. तिच्याशिवाय दुकानातही जाईना. बसनं जाणं बंद, रात्री एकट्यानं झोपणं बंद. त्याच महिन्यात कंपनीचा मेल आला की पुढे सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. आर्णीहून पुणे म्हणजे ट्रॅव्हल्समध्ये अख्खी रात्र. मी राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला.

पहिलं दार मी फोनवर उघडलं. कारण सोपं होतं, कोणाला दिसत नाही. इन्स्टाग्रामवर एका समुपदेशक ताईंचं पेज होतं, मेंटल हेल्थवर छान बोलायच्या. मी सेशन घेतलं. ताई खरोखर चांगल्या होत्या. बाबांच्या कर्जाबद्दल, लग्नासाठी घरी चाललेल्या घाईबद्दल, पुण्याला गेलो तर शेताचं काय याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी तरी सलग तासभर बोललो. फोन ठेवला की हलकं वाटायचं. त्यांनी दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं, रोज वहीत लिहायला सांगितलं.

पण बसमध्ये बसता येईना. चार महिन्यांत नऊ सेशन झाली आणि अटॅक आठवड्यातून तीनवर गेले.

चूक कुठे झाली, ते आता दिसतं. नऊ सेशनमध्ये ताईंनी मला हे विचारलं नाही की अटॅक नेमका किती मिनिटांत शिगेला पोहोचतो, त्यानंतर मी काय काय टाळायला लागलो, खिशात कुठली गोळी आहे, थायरॉइड तपासलंय का. मीही सांगितलं नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. आमच्या गप्पा माझ्या आयुष्यातल्या चिंतांबद्दल चालल्या होत्या. माझा आजार मात्र तोवर वेगळाच झाला होता. मला आता कर्जाची भीती वाटत नव्हती, मला पुढच्या अटॅकची भीती वाटत होती.

हा फरक ओळखणं समुपदेशकाला शिकवलेलं असू शकतं, नसूही शकतं. भारतात समुपदेशक कोणाला म्हणायचं याची व्यवस्था अजून पक्की बसलेली नाही. 2021 साली आरोग्य क्षेत्रातल्या अशा व्यवसायांसाठी कायदा झाला, पण आजही दोन वर्षांचं एम.ए. करून कोणाच्या तरी देखरेखीखाली शेकडो तास काम केलेली व्यक्ती आणि तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेली व्यक्ती, दोघांच्या पाटीवर शब्द एकच असतो. म्हणून समुपदेशकाला पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारायला लाजू नका. शिक्षण काय, आणि तुमच्या हाताबाहेरची केस तुम्ही कोणाकडे पाठवता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असेल तर माणूस बहुधा बरा आहे.

दुसरं दार आईनं उघडलं, तेही नाइलाजानं. मी तीन रात्री झोपलो नव्हतो. यवतमाळला मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं म्हटल्यावर ती आधी म्हणाली, "वेड्याच्या डॉक्टरकडे कायले जातं बाप्पा? लोकं काय म्हणतीन?" मग स्वतःच पदर खोचून म्हणाली, "चाल, मी येतो." (आमच्याकडे बायका पण 'येतो' म्हणतात.) चाळीसेक किलोमीटर भावाच्या गाडीतून गेलो. मी मागच्या सीटवर डोळे मिटून.

मला वाटलं होतं, तिथे पुन्हा तासभर बालपण काढतील. डॉक्टरांनी वीस मिनिटांत संपवलं. पहिला अटॅक कधी, किती वेळ टिकतो, चहा-कॉफी किती, दारू, घरात कोणाला असं काही, वजन कमी झालं का, जगावंसं वाटत नाही असं कधी वाटतं का. अल्प्राझोलामची स्ट्रिप पाहून विचारलं, "रोज किती?" थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासायला सांगितली, कारण थायरॉइड वाढलेलं असेल तर असंच धडधडतं. रिपोर्ट नॉर्मल आले. नाव मिळालं, पॅनिक डिसऑर्डर.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस डॉक्टर, मग त्यावर एम.डी. किंवा तत्सम शिक्षण. तिघांपैकी गोळ्या लिहून देण्याचा अधिकार फक्त याच व्यक्तीला आहे, आणि 'हे शरीराचं दुखणं तर नाही ना' हे तपासण्याचाही. मला एस्सिटॅलोप्राम दिलं. पहिला आठवडा 5 मिलिग्रॅम, मग 10. शिवाय झोपेसाठी एक हलकी गोळी, फक्त दोन आठवड्यांपुरती. आधीची अल्प्राझोलाम हळूहळू कमी करत बंद. ही जात पटकन काम करते, म्हणूनच तिची सवय लागते, आणि रोज घेत असाल तर एकदम तोडायची नसते. तसंच एस्सिटॅलोप्राम पटकन काम करत नाही, म्हणून लोक ते मधेच सोडतात.

डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं नसतं तर मीही सोडलं असतं. "पहिले आठ-दहा दिवस थोडं जास्तच अस्वस्थ वाटेल, मळमळेल, घाबरू नको, फोन कर." तसंच झालं. चौथ्या दिवशी मी गोळी फेकून देणार होतो. फोन केला, त्यांनी अर्धी करून दोन दिवसांनी परत वाढवायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात झोप लागायला लागली. सहाव्या आठवड्यात अटॅक महिन्यातून एकदोनच राहिले.

गावातल्या मेडिकलवर चिठ्ठी देताना मात्र हात थरथरले. दुकानदार बाबांच्या ओळखीचे. चिठ्ठी वाचून म्हणाले, "कोणासाठी आहे रे?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." ते काही बोलले नाहीत. गोळ्या पाकिटात घातल्या आणि हळूच म्हणाले, "माह्या पोरीले पण हेच चालू होतं. नागा करू नको." नागा, म्हणजे खाडा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. अटॅक थांबले, झोप आली. पण मी अजूनही बसमध्ये चढत नव्हतो.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. गोळीनं अलार्मचा आवाज कमी केला होता, पण तोपर्यंत मी त्या अलार्मभोवती अख्खं आयुष्य रचून ठेवलं होतं. बस नाही, एकटं नाही, पाण्याच्या बाटलीशिवाय नाही, दवाखाना जवळ नसेल तिथे नाही. गोळी हे रचलेलं उचलून नेत नाही. डॉक्टरांना दुसऱ्या भेटीत सांगितलं, तर ते म्हणाले, "आता तुला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागेल. गोळी चालू ठेव, ते काम वेगळं आहे."

तिसरं दार. इथे मराठीचा एक घोळ सांगायला हवा. आपण मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक हे शब्द एकाच अर्थानं वापरतो, पाट्याही तशाच रंगवलेल्या असतात. कायद्याला मात्र फरक कळतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे. आजवर बहुतेकांचा रस्ता म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी., आणि त्यावर रुग्णांसोबत देखरेखीखाली काम करायला लावणारं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. त्यांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, आणि तो नोंदणी क्रमांक मागता येतो. नुसतं मानसशास्त्रात एम.ए. केलेली व्यक्ती चांगली समुपदेशक असू शकते, पण तेवढ्यानं ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही.

मला नागपूरच्या एक मॅडम व्हिडिओ कॉलवर मिळाल्या. पहिली दोन सेशन फक्त प्रश्न आणि फॉर्म. एक सात प्रश्नांचा होता, जीएडी-7. शून्य ते एकवीस गुण, दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासायला हवं, असा त्याचा हिशोब. त्यातून निदान होत नाही, पण दर दोन आठवड्यांनी भरला की आपण पुढे जातोय की मागे, ते दिसतं. मी चौदावर होतो.

मग त्यांनी माझ्याकडून शेवटचा अटॅक सेकंदासेकंदानं वदवून घेतला आणि एक गोल काढला. बसमध्ये गरम होतं, धडधड जराशी वाढते. मी म्हणतो, सुरू झालं. भीतीनं श्वास भराभर होतो. भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून ओठ बधिर आणि हातांना मुंग्या. त्या मुंग्या पाहून मी म्हणतो, हा हार्ट अटॅकच. धडधड आणखी वाढते. मग मी उतरतो, धडधड थांबते, आणि डोकं शिकतं की उतरलो म्हणून वाचलो. मी दिवसभर लूपमधले बग शोधतो, पण हा माझ्या डोळ्यांसमोर आठ महिने फिरत होता. थांबण्याची अट 'बसमधून उतर' अशी लिहिली गेली होती.

"तू न उतरता काय झालं असतं, हे तुला माहीतच नाही," मॅडम म्हणाल्या. "ते आपण बघू."

ते बघणं म्हणजे उपचार. मला वाटलं होतं शांत व्हायला शिकवतील, त्यांनी उलट घाबरायला लावलं. बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास घ्यायचा. खुर्चीवर गोल फिरायचं. घराचा जिना पळत चार वेळा चढायचा. (हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, मॅडमनी आधी माझे सगळे रिपोर्ट पाहिले होते.) प्रत्येक वेळी आधी लिहायचं, काय होईल असं वाटतं आणि किती खात्री. मी लिहिलं, 'बेशुद्ध पडेन, 80 टक्के.' धडधडलं, मुंग्या आल्या, गरगरलं, पडलो नाही. पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो, आणि बेशुद्ध पडायला तो एकदम घसरावा लागतो, हे त्यांनी समजावलं. पण समजल्यानं भीती गेली नाही. सतराव्या वेळी न पडल्यानं गेली. खात्री 80 वरून 10 वर आली.

मग शिडी बनवली. उभ्या एसटीत वीस मिनिटं. पुढच्या गावापर्यंत जाऊन परत, भावासोबत. तेच एकट्यानं. यवतमाळपर्यंत, पाण्याची बाटली न घेता. शेवटची पायरी, रात्रीची पुण्याची ट्रॅव्हल्स. प्रत्येक पायरीवर नियम एकच, भीती आपोआप उतरेपर्यंत किंवा ठरलेला वेळ संपेपर्यंत उतरायचं नाही. खिशातली जुनी स्ट्रिप दुसऱ्या पायरीलाच घरी ठेवायला लावली. ते बसपेक्षा अवघड गेलं. दीर्घ श्वासही बंद केला, कारण मी तो बसमध्ये अटॅक 'थांबवायला' वापरत होतो, म्हणजे तोही एक ताईतच झाला होता. ताईंनी शिकवलेलं चूक नव्हतं, मी ते चुकीच्या जागी लावलं होतं.

अकरा सेशन झाली. यवतमाळच्या प्रवासात एकदा पूर्ण अटॅक आला. मी सीटला धरून बसून राहिलो. दहा-बारा मिनिटांत तो स्वतःच ओसरला आणि शेजारच्या आजोबांना काही कळलंही नाही.

मग समुपदेशन वाया गेलं का? नाही. पुण्याला हजर व्हायच्या आधी मी पुन्हा त्याच ताईंना फोन केला. या वेळी प्रश्न साफ होता. पुण्याला जाऊ शकतो, पण जायचंय का? बाबांना कर्जाबद्दल काय सांगायचं? लग्नाच्या स्थळांना गोळ्यांबद्दल कधी सांगायचं? हे आजाराचे प्रश्न नाहीत, त्यांना गोळी लागत नाही आणि स्ट्रॉही. तीन सेशनमध्ये बरंच सुटलं. त्याच ताई, तोच मी. फक्त या वेळी दाराला योग्य प्रश्न घेऊन गेलो होतो.

आता कोणी विचारलं तर मी असं सांगतो. चिंता एखाद्या गोष्टीची असेल, परीक्षा, ब्रेकअप, नोकरी, आणि ती असूनही तुम्ही जेवता, झोपता, कामाला जाता, तर समुपदेशक पुरेसा ठरू शकतो. सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर पुढे जा. भीतीमुळे तुम्ही जागा, माणसं, कामं टाळायला लागला असाल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. झोप-जेवण तुटलं असेल, रोज अटॅक येत असतील, शरीराचं कारण तपासायचं असेल, दारू किंवा गोळीची सवय लागली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. आणि मरणाचे विचार येत असतील, किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर निवडत बसू नका, आजच्या आज मानसोपचारतज्ज्ञ किंवा जवळचं मोठं सरकारी रुग्णालय. घरात एका माणसाला सांगून ठेवा, एकटं राहू नका.

पण आर्णीसारख्या गावात ही यादी वाचून हसू येतं. इथे तिघं कुठून आणायचे? यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात केसपेपरवर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवता येतं. 14416 या टेलीमानसच्या नंबरवर ऑक्टोबर 2022 पासून मोफत बोलता येतं, मराठीतही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मात्र तालुक्याच्या ठिकाणी जवळजवळ दुर्मीळच. माझ्याकडे इंटरनेट आणि पगार होता म्हणून नागपूर फोनवर आलं.

गोव्यात यावर एक उपाय तपासून पाहिला गेला. 'संगाथ' संस्थेनं तिथल्या प्राथमिक दवाखान्यांत मानसिक आरोग्याचं आधी शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवलं. ते नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण ओळखायचे, समजावायचे, गरज पडली तर गोळी दवाखान्यातला डॉक्टर द्यायचा आणि अवघड केस मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची. 2010 साली लॅन्सेटमध्ये निकाल आला. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी या पद्धतीनं शंभरातले 66 जण बरे झाले होते, नेहमीच्या पद्धतीनं साधारण 42. पुढे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावानं असंच काम नैराश्यासाठी झालं. दीड वर्षात उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 वर गेलं.

मला त्या आकड्यांपेक्षा त्यामागची रचना महत्त्वाची वाटते. तिथला समुपदेशक या विषयात शिकलेला नव्हता, पण एकटाही नव्हता. त्याला कोणाला कधी वर पाठवायचं ते माहीत होतं, आणि वर कोणीतरी होतं. माझ्या ताई त्या लोकांपेक्षा जास्त शिकलेल्या असतील, पण त्यांच्या मागे कोणी नव्हतं. मी एका दारातून दुसऱ्या दारात गेलो तो आईच्या पदराला धरून.

गोळी अजून चालू आहे. बरं वाटायला लागल्यापासून साधारण वर्षभर घ्यायची, मग डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करत बंद, असं ठरलंय. राजीनाम्याचा ड्राफ्ट डिलीट केला. गेल्या महिन्यात ट्रॅव्हल्सनं पुण्याला आलो. रात्री तीनला जाग आली, बस अंधारात कुठेतरी धावत होती आणि छातीत जराशी धडधड होती. मी वाट पाहिली. मग कधी झोप लागली कळलं नाही. सकाळी आईचा फोन, "पोचला का?"

"पोचलो."

"मधात कुठं उतरला तर नाही?"

"चहाले उतरलो होतो," मी म्हटलं. "परत चढलो."